मदत हवी आहे: अ‍ॅपच्या आयकॉनमधली चारही फुलं गोल आकारात कापली जातायत

हुरडा_पार्टी
सोलापूरहून लिहितोय. मामांचं चादर-टॉवेलचं दुकान आहे, त्यांच्या नेहमीच्या व्यापाऱ्यांना ऑर्डर देता यावी म्हणून छोटं अँड्रॉइड अ‍ॅप केलंय. लोगो चौकोनी आहे, चादरीच्या घडीसारखा. मधे मोर आणि चार कोपऱ्यांत एकेक फूल. माझ्या फोनवर आयकॉनचे कोपरे थोडेच गोलसर होतात, तिथे सगळं नीट दिसतं. मामांच्या फोनवर आयकॉन पूर्ण गोल आहे आणि तिथे चारही फुलं गायब. मामा म्हणाले, "आमची चादर अशी कातरून कुणी आणली रे?"

वाचलं होतं की लोगो ६६ डीपीच्या आत ठेवायचा. मी अगदी ६६ बाय ६६ मधे बसवलाय, पूर्ण कॅनव्हास १०८ चा आहे. मग चुकलं कुठे?

रात्रपाळी
चारी बाजूंनी १८ डीपी मोकळं सोड की. लाँचर तेवढंच कापतो. मधले ७२ कायम दिसतात.

हुरडा_पार्टी
मी तर २१ सोडलंय, तरी फुलं जातात.

खटपट्या
माझंही असंच झालंय! नोटिफिकेशन आलं की वर पट्टीत लोगोच्या जागी नुसता पांढरा चौकोन दिसतो. या उपायाने तेही सुटेल का?

मागावरचा
खटपट्या, तुमची गोष्ट वेगळी. वरच्या पट्टीतल्या आयकॉनचा रंग बघितलाच जात नाही, फक्त कुठे पारदर्शक आहे ते बघतात. मागची भरीव पार्श्वभूमी काढून टाका. पुढचं विचारायचं असेल तर नवा धागा काढा, इथे गुंता होईल.

आता मूळ प्रश्न. रात्रपाळी म्हणतात ते अर्धं बरोबर आहे. बाहेरचे १८ डीपी जातात हे खरं, पण मधले ७२ पूर्ण चौकोनात दिसतीलच असं नाही. लाँचर त्या ७२ मधून गोल कापू शकतो, आणि त्या गोलाची त्रिज्या फक्त ३६.

हुरडा, तुमचा ६६ हा चौकोनाची बाजू नाही, वर्तुळाचा व्यास आहे. मध्यापासून ३३ च्या आत जे आहे तेच कुठल्याही आकारात शाबूत राहतं. तुमच्या चौकोनाची बाजू मध्यापासून ३३ वर आहे, पण कोपरा? ३३ ला १.४१ ने गुणा, साधारण ४६.७ येतात. गोल मात्र ३६ वर संपतो. म्हणून मोर वाचला आणि फुलं गेली.

चौकोनी लोगो पूर्ण बसवायचा तर त्याचा कर्ण ६६ हवा, म्हणजे बाजू ४६ च्या आसपास. नव्याने काढायची गरज नाही. `ic_launcher_foreground.xml` मधे सगळे पाथ या ग्रुपमधे घाला:

```xml
<group
    android:pivotX="54" android:pivotY="54"
    android:scaleX="0.7" android:scaleY="0.7">
    <!-- मोर आणि फुलं -->
</group>
```

यासाठी `viewportWidth` आणि `viewportHeight` १०८ असायला हवेत. ६६ चे ४६.२ होतात, कोपरा ३२.७ वर येतो. जेमतेम बसतं, पण बसतं.

रात्रपाळी
हां, कर्णाचा विचारच केला नव्हता. पण एवढा बारीक केल्यावर मोर दिसेल का? मी असतो तर चित्राभोवती पारदर्शक जागा सोडून पीएनजी दिली असती.

मागावरचा
पीएनजी चालेल, पण अँड्रॉइड स्टुडिओच्या Image Asset मधे `Trim` ला Yes असेल तर ती सोडलेली जागा तो कापून टाकतो आणि चित्र पुन्हा मोठं होतं. तिथेच `Show safe zone` चालू करून गोल आकाराचा नमुना बघा, फूल वर्तुळाला चिकटलंय का ते लगेच कळतं.

मोर बारीक होईल ही शंका रास्त आहे. मला विचाराल तर फुलं लोगोतून काढा, मोर मोठा ठेवा आणि चादरीचे किनारीचे पट्टे मागच्या थरात पूर्ण १०८ भर पसरवा. पट्टा कुठेही कापला तरी तो पट्टाच दिसतो. अर्धं कापलेलं फूल मात्र डोळ्यांत खुपतं. एक लक्षात ठेवा, आयकॉन ओढताना काही लाँचर दोन्ही थर वेगवेगळे हलवतात. त्यामुळे मोराचे पाय पट्ट्यावर टेकलेत अशी रचना करू नका.

हुरडा_पार्टी
दोन्ही करून बघितलं. ०.७ केल्यावर आधी जुनाच आयकॉन दिसत होता. अ‍ॅप काढून परत टाकलं तेव्हा बदलला. मामांच्या फोनवर चारही फुलं आली, पण माझ्या फोनवर मोर चिमणीएवढा वाटतोय. पट्ट्यांचा नमुना मला जास्त आवडला, तुरासुद्धा स्पष्ट दिसतो. मामा म्हणतात फुलांशिवाय ती आपली चादरच नाही. उद्या दुकानात दोन्ही फोन शेजारी ठेवून दाखवतो.

खटपट्या
पार्श्वभूमी काढली. पांढरा चौकोन गेला, आता पांढरी बरणी दिसते. लोणच्याचं अ‍ॅप आहे, म्हणजे बरोबरच आहे ना?