मॉन्टेसरी की नेहमीची बालवाडी: ० ते ९ शिकवताना फरक नेमका कुठे पडतो?

सायली_बालशिक्षण: पदविकेच्या असाइनमेंटसाठी मॉन्टेसरी आणि नेहमीची पूर्वप्राथमिक शाळा यांची तुलना लिहायची आहे. जिथे बघावं तिथे ‘बालकेंद्री विरुद्ध शिक्षककेंद्री’ एवढंच सापडतं. वर्गात प्रत्यक्ष काय वेगळं घडतं? आणि मॉन्टेसरी खरंच सरस आहे का?

मीनाताई: एकच काम घे, म्हणजे तुलना नेमकी होईल. ज्युनिअर केजीत अंक आधी एका सुरात म्हणतात, मग वहीत गिरवतात. बरोबर की चूक ते बाई ठरवतात. आमच्याकडे स्पिंडल बॉक्स असतो. ० ते ९ लिहिलेले दहा खण आणि ४५ लाकडी काड्या. मूल प्रत्येक खणात तेवढ्या काड्या मोजून ठेवतं, शून्याचा खण रिकामा राहतो. सहाच्या खणात चुकून सात गेल्या, तर नऊपाशी येईपर्यंत हातात आठच उरतात. मूल थांबतं, टोपलीत बघतं, चटईखाली शोधतं आणि मग स्वतःच मागे जाऊन मोजायला लागतं. त्या वेळी ताईनं गप्प बसायचं. शिकवण्यातलं सगळ्यात अवघड काम तेच आहे.

गावची_बालवाडीताई: मीनाताई, पेटी एक आणि माझ्यापुढे ३५ मुलं. बाकीच्या चौतिसांनी काय करायचं? आणि चूक आपोआप कळते हेही दर वेळी खरं नाही. सहात सात गेल्या आणि आठातही सातच, तर शेवटी काड्या बरोबर संपतात. मूल खुशीत पेटी बंद करतं. आमच्या गोलात ती चूक मला तिथल्या तिथे दिसते.

मीनाताई: ती चूक पेटी पकडत नाही, मान्य. म्हणूनच ताईनं लांबून बघायचं, टिपून ठेवायचं आणि दोन दिवसांनी तीच पेटी त्या मुलापुढे पुन्हा मांडायची. राहिला चौतिसांचा प्रश्न. ती मुलं पेटीसाठी रांगेत उभी नसतात, आपापल्या चटईवर दुसरं काम करत असतात. तीन ते सहा वर्षांची मुलं एकत्र, सकाळचे सलग तीन तास आणि मध्ये घंटा नाही, म्हणून ते जमतं. हे तास काढून घेतलेस तर उरतं ते नुसतं महागडं लाकूड.

ठाण्याचा_बाबा: आमच्या जवळच्या शाळेच्या पाटीवर मॉन्टेसरी लिहिलंय, पण साडेतीन वर्षांच्या मुलीला रोज गृहपाठ आहे. प्रवेश घ्यावा का?

मीनाताई: दादा, मूळ प्रश्न वेगळा आहे, तरी सांगते. वेळापत्रक मागा. ३५ मिनिटांच्या तासिका असतील, तर साहित्य कपाटात शोभेला आहे असं समजा.

अनिकेत_प: मॉन्टेसरी म्हणजे मुलाला हवं ते करू देणं. आणि ती सरस आहे हे अमेरिकेत संशोधनानं सिद्धच झालंय, वाद कशाला?

शिक्षणाभ्यासक: हवं ते नाही, अनिकेत. ताईनं दाखवलेल्या कामांतलंच निवडायचं असतं. तुम्ही म्हणता तो बहुधा २००६ चा मिलवॉकीचा अभ्यास. मॉन्टेसरी शाळेतला प्रवेश तिथे सोडतीनं होता. नंबर लागलेल्या मुलांची तुलना न लागलेल्यांशी केली, त्यामुळे ‘पालकच मुळात जागरूक’ हा आक्षेप बराच गळतो. पाच वर्षांची मॉन्टेसरी मुलं वाचनपूर्व कौशल्यांत आणि गणितात पुढे होती. बाराव्या वर्षी मात्र गणितातला फरक दिसला नाही. शिवाय शाळा एकच होती. सायली, याच्या जोडीला २०१२ चा अँजेलिन लिलार्ड यांचा अभ्यास घ्या. मूळ साहित्यावर काटेकोर चालणाऱ्या वर्गांत मुलांची प्रगती जास्त दिसली, वर्कशीट वगैरेंची भर घातलेल्या मॉन्टेसरी वर्गांत कमी. पण ती मुलं सोडतीनं निवडलेली नव्हती, हेही लिहा.

गावची_बालवाडीताई: मग ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचं काय म्हणायचं? ताराबाई गिजुभाईंसोबत भावनगरला मॉन्टेसरीच्याच वाटेनं काम करत होत्या. पण १९४५ ला बोर्डीत आणि पुढे कोसबाडच्या पाड्यांवर या दोघींनी दगड, शिंपले, बिया, पानं असं हाताशी असेल ते वापरलं. काटेकोरपणाच पाहिजे असता, तर पाड्यावरच्या मुलांना काहीच मिळालं नसतं. असाइनमेंटमध्ये नुसतं इटली आणि अमेरिका लिहू नकोस गं.

मीनाताई: त्या दोघींबद्दल दुमत नाही. चिंचोके वापरा ना! फक्त मूठभर देऊ नका, मोजून ४५ द्या. एक जरी जास्त गेला तरी शेवटी उरणं-कमी पडणं फसवं होतं आणि मूल पुन्हा तुमच्या तोंडाकडे बघतं.

गावची_बालवाडीताई: मोजून देईन. पण सलग तीन तास मला कोण देणार? मध्येच खाऊ वाटायचा, हजेरी, वजनं घ्यायची. मोठ्यांनी धाकट्यांना दाखवावं म्हणता, तर सहा वर्षांची मुलं पहिलीत गेलेली असतात.

शिक्षणाभ्यासक: तीनऐवजी सलग एक तास दिला तर किती फायदा उरतो, हे या दोन्ही अभ्यासांवरून सांगता येत नाही.

सायली_बालशिक्षण: मी दोन्हीकडे एकच काम बघून लिहिते, ० ते ९. ताई, तुमच्या वर्गात येऊन बसले तर चालेल का?

गावची_बालवाडीताई: ये की. पण खाऊच्या आधी ये, नंतर कुणी मोजत नाही.