मदत हवी आहे: लोड सेल क्वार्टर ब्रिजच ठेवू की हाफ ब्रिज करू? दुपारी वजन आपोआप वाढतंय

रोपवाला

नमस्कार मंडळी, संगमनेरजवळ आमची भाजीच्या रोपांची छोटी नर्सरी आहे. रोपांच्या ट्रेचं वजन सतत मोजत राहिलं की दिवसभरात पाणी किती उडालं ते कळतं आणि पाणी कधी द्यायचं ते ठरवता येतं, म्हणून एक जुगाड चालवलाय. अल्युमिनियमची पट्टी, २५ मिमी रुंद आणि ६ मिमी जाड, एक टोक क्लॅम्पमध्ये आवळलेलं आणि दुसऱ्या टोकाच्या हुकाला ट्रे. स्ट्रेन गेज पट्टीच्या वरच्या बाजूला चिकटवलाय, गेजच्या मध्यापासून हुकापर्यंत १०० मिमी. गेज तो बीएफ३५० वाला, ब्रिजचे बाकीचे तीन हात रेझिस्टरचे, पुढे एचएक्स७११ चा बोर्ड.

वजन दाखवतो, पण दुपारी येडा होतो. रोपं नाहीत, पाणी नाही, नुसती ५ किलोची वाळूची सीलबंद पिशवी लटकवून ठेवली तर सकाळी ५ आणि दुपारी २ वाजता ६.२ किलो! संध्याकाळी परत खाली येतो. पॉलिहाऊसमध्ये सकाळ-दुपारचा फरक १२ डिग्री तरी असतो. मला पकडायचंय दोनशे-तीनशे ग्रॅम पाणी, आणि इथे एररच सव्वा किलोचा.

हाफ ब्रिज केला की सेन्सिटिव्हिटी डबल होते असं वाचलं, म्हणजे हा एरर निम्मा होईल का? पाकिटात एक गेज शिल्लक आहे.

सोल्डर_सम्राट

होईल ना भावा, सिंपल आहे. क्वार्टरला एक गेज, हाफला दोन, सिग्नल डबल. दुसरा गेज पट्टीच्या खाली चिकटव आणि ब्रिजमध्ये समोरासमोरच्या हातात जोड, म्हणजे दोघांची बेरीज होते. जमलं तर ब्रिजचा सप्लाय पण वाढव, सिग्नल अजून वाढेल.

मीटरबाई

समोरासमोर जोडू नका हो दादा, थांबा. वरचा गेज ताणला जातो आणि खालचा दाबला जातो, एकाचा रेझिस्टन्स वाढतो तेव्हा दुसऱ्याचा कमी होतो. समोरासमोरच्या हातात टाकले की दोघं एकमेकांना खाऊन टाकतात आणि ५ किलो लटकवून पण आकडा हलत नाही. वर-खाली गेज असतील तर ते शेजारशेजारच्या हातात हवेत. समोरासमोर जोडायचे ते दोन्ही गेज वरच असतील तर, तेव्हा सिग्नल डबल होतो पण तापमानाचा एररही डबल होतो.

आणि सप्लाय वाढवून काही मिळत नाही, एचएक्स७११ ज्या व्होल्टेजवर ब्रिज चालवतो त्यालाच रेफरन्स धरतो, त्यामुळे दोन्ही एकदम वाढतात आणि काउंट तेवढेच राहतात.

रोपवालादादा, आधी तीन गोष्टी सांगा. गेजच्या पाकिटावर नंबरात ११ आहे की २३? गेजपासून बोर्डापर्यंत वायर किती लांब? आणि ते तीन रेझिस्टर कसले आहेत, कुठे बसवलेत?

रोपवाला

ताई, कंसात ११ लिहिलंय. वायर दीड मीटर, साधी बारीक, दोनच तारा. रेझिस्टर एक टक्केवाले मेटल फिल्म, बोर्डाबरोबर प्लास्टिकच्या डब्यात. डबा पॉलिहाऊसमध्येच टांगलाय.

काटा_दुरुस्ती

मी पण हेच करतोय पण माझे बाथरूम काट्यातले आहेत, ५० किलोचे, तीन वायरवाले. चार सेल आहेत आणि एकच वापरायचाय पण रीडिंग येत नाही, थेट एचएक्स७११ ला जोडला तर आकडा एका टोकाला जाऊन बसतो. सेल खराब आहेत का?

मीटरबाई

काटादादा, तुमचा प्रश्न वेगळा आहे पण उत्तर सोपं आहे. त्या सेलच्या आत दोन गेज असतात, म्हणजे तो अर्धा ब्रिज तयारच आहे, दुसरा अर्धा तुम्ही दिलेलाच नाही. मल्टिमीटरने तिन्ही वायर आपसात मोजा. ज्या दोन वायरींमध्ये जवळपास २ किलोओहम येईल त्या टोकाच्या, उरलेली मधली, तिच्यापासून दोन्हीकडे १ किलोओहम. रंगावर भरवसा ठेवू नका, ते बदलतात. एकच सेल वापरायचा तर १ किलोओहमचे दोन सारखे रेझिस्टर लावून दुसरा अर्धा तयार करा. चारही वापरले तर रेझिस्टर लागतच नाहीत.

आता रोपवालादादा. सेन्सिटिव्हिटी कमी पडतेय हेच मुळात बरोबर नाही. ५ किलो म्हणजे ४९ न्यूटन, गुणिले १०० मिमी, तुमच्या २५ बाय ६ च्या पट्टीवर त्याचा ताण साधारण ३३ मेगापास्कल, म्हणजे स्ट्रेन सुमारे ४६७ मायक्रोस्ट्रेन. गेज फॅक्टर २ धरला तर क्वार्टर ब्रिजला व्होल्टमागे ०.२३ मिलिव्होल्ट आणि हाफला ०.४७. पाच व्होल्टवर क्वार्टरचे सव्वा मिलिव्होल्टच्या आतबाहेर झाले. एचएक्स७११ चा स्वतःचा नॉइज १० सॅम्पलच्या स्पीडला ५० नॅनोव्होल्टच्या आसपास आहे, म्हणजे क्वार्टर ब्रिजवर पण तुम्हाला अर्ध्या ग्रॅमच्या आतलं दिसू शकतं. अडचण तापमानाची आहे.

११ नंबरचा गेज स्टीलसाठी जुळवलेला असतो. स्टील दर डिग्रीला ११ मायक्रोस्ट्रेन पसरतं, अल्युमिनियम २३. हा १२ चा फरक गेजला लोडसारखाच दिसतो. तुमचे ५ किलो म्हणजे ४६७, तर १२ म्हणजे एका डिग्रीला सव्वाशे ग्रॅमच्या वर, आणि १२ डिग्रीला दीड किलो. त्यात दीड मीटरच्या दोन तारा गेजच्याच हातात आहेत, तांबं तापलं की त्यांचा रेझिस्टन्स वाढतो, त्याचे अजून दोनेकशे ग्रॅम. तिसरे ते रेझिस्टर, ते कुठल्या दिशेला सरकतील सांगता येत नाही, बहुतेक तुमच्याकडे उलट्या दिशेला सरकत असतील म्हणून सव्वा किलोवर भागलं.

म्हणून हाफ ब्रिज कराच, पण डबल सिग्नलसाठी नाही. वरचा आणि खालचा गेज एकाच पट्टीवर, एकाच तापमानाला, शेजारशेजारच्या हातात, त्यामुळे दोघांमध्ये जे सारखं बदलतं ते मधल्या बिंदूला दिसतच नाही आणि जे उलटसुलट बदलतं तेवढंच दिसतं. वायरींचं पण तसंच होतं. ई प्लसपासून वरचा गेज, दोन्ही गेजांचा जोड ए प्लसला, मग खालचा गेज ई मायनसला. दोन्ही गेजांच्या वायरी सारख्या लांबीच्या ठेवा आणि जोड पट्टीवरच सोल्डर करा, डब्यात आणून नको. तिथून ए प्लसला एकच वायर जाईल आणि तिच्यातून करंट जवळजवळ जात नाही, म्हणून ती तापली तरी चालते.

रेझिस्टरचा त्रास मात्र राहील. तिनाचे दोन होतील एवढंच. एकाच पट्टीतून शेजारशेजारचे दोन काढा आणि एकमेकांना चिकटवून बसवा. तोपर्यंत आहे त्याच सेटवर एक करून बघा, एका रेझिस्टरवर बोट ठेवा आणि आकडा बघा.

रोपवाला

बोट ठेवलं, बाप रे. दहा-पंधरा सेकंदात शेकड्याने ग्रॅम पळाले आणि बोट काढल्यावर हळूहळू परत आले.

सोल्डर_सम्राट

समोरासमोरचं मी फुल ब्रिजच्या हिशोबाने बोललो होतो. पण ताई, डमी गेज पण लावतात की, लोड न येणाऱ्या तुकड्यावर. तो पण हाफ ब्रिजच ना? मग डबल कुठे होतो?

मीटरबाई

बरोबर, आणि तिथे डबल होत नाहीच. एक गेज काम करतो, दुसरा नुसता तापमान दाखवतो, सेन्सिटिव्हिटी क्वार्टरएवढीच. तरी तापमान कटतं. वर-खाली लावायला जागा असताना डमी कशाला लावायचा पण.

रोपवाला

केलं एकदाचं. खालचा गेज चिकटवून ताईंनी सांगितलं तसंच जोडलं. आधी ५ किलोला ४ लाख ८२ हजार काउंटचा फरक यायचा, आता ९ लाख १६ हजार. वाळूच्या पिशवीवर दुपारचा एरर सव्वा किलोवरून ३०० ग्रॅमवर आला. भारी काम झालं. पण डबल म्हणजे ९ लाख ६४ हजार यायला हवे होते ना? १.९ पटच आले.

मीटरबाई

खालचा गेज वरच्याच्या बरोबर खाली आहे का? हुकापासून मोजा.

रोपवाला

मोजलं. खालचा ९० मिमीवर आहे, खाली हात पोचत नव्हता म्हणून हुकाकडे सरकला.

मीटरबाई

मग झालं. स्ट्रेन हुकापासूनच्या अंतरावर जातो, वरच्याला १०० आणि खालच्याला ९०, बेरीज १.९. कॅलिब्रेट केलं की वजनाला काही फरक पडत नाही, त्यासाठी गेज उखडू नका. हुक मात्र रोज त्याच जागी राहू द्या.

राहिलेले ३०० ग्रॅम त्या दोन रेझिस्टरच्या आपसातल्या फरकाचे असणार, डिग्रीला ९-१० पीपीएम फरक असला तरी १२ डिग्रीत एवढं होतं. रेझिस्टर काढून तिथे पण गेज लावा, दोन वर, दोन खाली, फुल ब्रिज. या दुखण्यावर तेच खरं औषध.

काटा_दुरुस्ती

किंवा सरळ तयार ५ किलोचा बार सेल घ्या, आत चारही गेज असतात, काही शे रुपयांत येतो. माझे तीन वायरवाले चालू झाले बरं का, मोजल्यावर कळलं की मधली वायर मी ई प्लसला लावली होती.

रोपवाला

तयार घेतला तर मजा काय दादा. गेज मागवलेत. अजून एक त्रास आहे, ५ किलो लटकवून ठेवले की वीस मिनिटांत आकडा हळूहळू १५-२० ग्रॅम खाली येतो. सकाळी, ऊन नसताना पण. क्लॅम्प सरकतोय का?

सोल्डर_सम्राट

फेविक्विकने चिकटवलंय ना? गोंदच सरकतोय मग.

मीटरबाई

क्लॅम्प थोडा सरकला तरी गेज ते हुक अंतर तेवढंच राहतं, म्हणून माझा पण संशय गोंदावर आहे. पट्टीचं धातू लोडखाली हळू वाकत राहिलं तर आकडा वर जातो, गेजखालचा गोंद सैलावला तर खाली येतो. लोड काढल्यावर आकडा शून्याच्या खाली जाऊन हळूहळू वर येतो का ते बघा.

रोपवाला

शून्याच्या खाली जातो, बरोबर. पण परत पूर्ण शून्यावर येत नाही, ५-६ ग्रॅम मागेच राहतो. गेज क्लॅम्पच्या कडेपासून ८ मिमीवर आहे, त्याचं काही असेल का?

मीटरबाई

असू शकतं, क्लॅम्पच्या इतक्या जवळ ताण सरळ नसतो आणि आवळण्यावर बदलतो. गोंद किती आणि क्लॅम्प किती हे इथे बसून नाही सांगता येणार. नवे चार गेज लावाल तेव्हा क्लॅम्पपासून निदान पट्टीच्या रुंदीएवढे, २५ मिमी, लांब लावा आणि पॉलिश पेपर मारून ॲसिटोनने पुसल्यावर गोंदाचा थर अगदी पातळ ठेवा, मग परत हीच वीस मिनिटांची टेस्ट टाका इथे.