मदत हवी आहे: प्लॉट विकला, टॅक्स वाचवायला फ्लॅट घ्यावा का बाँड?

नाशिकचा वडिलांचा प्लॉट ८० लाखांना विकलाय, सीएने गेन ६० लाख काढला. मला वाटलं ६० लाखांचं घर घेतलं की झालं, पण तो नियम घर विकलं तर. प्लॉटला ५४एफ लागतं आणि त्यात अख्खे ८० लाख घालावे लागतात, ४० लाखांचंच घर घेतलं तर निम्माच गेन म्हणजे ३० लाख माफ.

आता गंमत अशी की आम्हाला दुसऱ्या घराची गरजच नाही, एक फ्लॅट आहे, तरी घरातले सगळे "टॅक्स कशाला भरायचा" म्हणून बिल्डरच्या ऑफिसात चकरा मारतायत. ५४ईसीचे बाँड सहा महिन्यांत घेतले तर ५० लाखांपर्यंत माफी, पैसे पाच वर्षं अडकणार, व्याज सव्वापाच टक्क्यांच्या आसपास आणि त्यावर टॅक्स. उरलेल्या १० लाखांवर साडेबारा टक्क्यांनी सव्वा लाख अधिक सेस, एवढ्यासाठी ८० लाख फ्लॅटमध्ये गाडायचे? मला तर पटत नाही.

कोणी बाँड घेऊन उरलेल्यावर टॅक्स भरलाय का? आणि फ्लॅटच घ्यायचा ठरला पण रिटर्नच्या तारखेपर्यंत मिळाला नाही, तर कॅपिटल गेन खात्यात ठेवलेले पैसे काढताना बँक काय काय कागद मागते?