तीन वर्षं थांबलात, अजून सहा महिने थांबायला काय होतं?

मच्छेचा कंत्राटदार
हल्ली बेळगावात एक नवीन फॅशन निघालीय. फ्लॅटचा ताबा जरा लांबला की बुकिंग रद्द, आणि वर व्याज पाहिजे. अरे, वाळू मिळत नाही, गवंडी गोव्याला पळतात, पावसात चार महिने काम बंद. बिल्डरने काय जादू करायची? ॲग्रीमेंटमध्ये स्पष्ट लिहिलेलं असतं की रद्द केलं तर दहा टक्के कापणार. सही तुमचीच ना? मग रडायचं कशाला? तीन वर्षं थांबलात, अजून सहा महिने थांबायला काय होतं?

अनगोळकर
उत्तर देणार नव्हतो, पण "फॅशन" शब्द डोक्यात गेला.

माझा फ्लॅट ३८ लाखांचा. जानेवारी २०२० ला बुकिंगचे ३ लाख ८० हजार दिले. जानेवारी २०२१ ला ॲग्रीमेंट रजिस्टर झालं तेव्हा १० लाख, आणि जानेवारी २०२२ ला शेवटच्या स्लॅबला ६ लाख २० हजार. एकूण २० लाख, त्यातले १० बँकेचे. ताबा जून २०२२. जानेवारी २०२४ मध्ये बघायला गेलो तर लिफ्टच्या खड्ड्यात पाणी साचलेलं, त्यात थर्माकोलचे तुकडे तरंगतायत आणि तोंडावर प्लायवूड ठोकलेलं. वॉचमनची बायको त्या प्लायवूडवर पापड वाळवत होती. हे तुमचं "जरा लांबलं".

ऑफिसात गेलो. तिथल्या मुलीने गोड हसून एक छापील फॉर्म पुढे केला. वर लिहिलेलं, "वैयक्तिक कारणास्तव बुकिंग रद्द करण्याची विनंती". कारणाचा रकाना आधीच भरलेला! सही केली असती तर दहा टक्के, म्हणजे ३ लाख ८० हजार कापून हातात १६ लाख २० हजार आले असते. व्याज शून्य.

दादा, तुम्ही म्हणता ते दहा टक्क्यांचं कलम बिल्डरची चूक नसताना घेणारा मागे हटला तर लागतं. तारीख बिल्डरने चुकवली की रेराचं, म्हणजे बिल्डरांवर लक्ष ठेवणाऱ्या कायद्याचं, कलम १८ लागतं. त्यात आपण "रद्द" करत नाही, प्रकल्पातून बाहेर पडतो. दोन्हींत कागदावर एका ओळीचा फरक आहे, खिशात किती ते बघा. कलम १८ खाली व्याज ताब्याच्या तारखेपासून नाही, प्रत्येक हप्ता दिला त्या दिवसापासून धरतात. कर्नाटकात दर म्हणजे स्टेट बँकेचा सर्वात जास्त एमसीएलआर, म्हणजे कर्जाचा आधारदर, अधिक दोन टक्के. हिशोब सोपा व्हावा म्हणून सरळ १० टक्के धरा. पहिल्या हप्त्यावर चार वर्षांचे १ लाख ५२ हजार, दुसऱ्यावर तीन वर्षांचे ३ लाख, तिसऱ्यावर दोन वर्षांचे १ लाख २४ हजार. व्याजच पावणेसहा लाखांच्या वर. फॉर्मवर सही आणि सहीशिवाय, यात साडेनऊ लाखांचा फरक.

मी फॉर्म घडी घालून खिशात टाकला. घरी येऊन रजिस्टर पोस्टाने पत्र पाठवलं, पोचपावतीसह. त्यात चारच गोष्टी: ॲग्रीमेंटमधली ताब्याची तारीख, आजतागायत ओसी, म्हणजे इमारत राहायला तयार असल्याचा पालिकेचा दाखला नाही, म्हणून कलम १८(१) खाली मी बाहेर पडतोय, आणि प्रत्येक हप्त्यावर व्याजासह पैसे परत द्या. "वैयक्तिक अडचण" हा शब्द कुठेही नाही. फोनवर "साहेब, मुलीच्या लग्नाला पैसे पाहिजेत" असंही म्हणू नका, मेसेजवर तर नकोच. तेच पुढे पुरावा म्हणून पुढ्यात येतं.

निपाणीकर (निवृत्त बँकवाले)
अनगोळकर, बरंच बरोबर आहे, पण एक राहिलं. रेराच्या साइटवर बिल्डरने मुदतवाढ घेतलेली असते. नवीन तारीख डिसेंबर २०२४ असेल तर उशीर झालाच कुठे? आधी ते बघायचं, मग पत्रं पाठवायची. शिवाय कोरोनाचे सहा महिने सगळ्यांनाच मिळालेत.

टिळकवाडी कोर्टकचेरी
काका, मुदतवाढ बिल्डरच्या नोंदणीला मिळते, तुमच्या ॲग्रीमेंटला नाही. २०१७ च्या डिसेंबरात मुंबई हायकोर्टाने हेच सांगितलंय, रेराकडे नवी तारीख दिली म्हणून करारातली जुनी पुसली जात नाही. आणि अनगोळकरांचं ॲग्रीमेंट जानेवारी २०२१ चं. लॉकडाऊन बघून, सगळं माहीत असताना जून २०२२ लिहिलं. मग कोरोना कशाला सांगायचा?

उशिराला मान्य कारणंही कायद्यात मोजकीच आहेत. युद्ध, पूर, दुष्काळ, आग, वादळ, भूकंप. गवंडी गोव्याला गेला हे त्यात बसत नाही.

पण घाई करू नका. पत्र द्यायच्या आधी महापालिकेत जाऊन ओसीचं काय झालं ते विचारा. २०२१ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टासमोर गुरुग्रामच्या एका प्रकल्पाचं प्रकरण होतं. ज्या इमारतींना ओसी मिळाली होती तिथल्या लोकांना ताबा घ्या, उशिराची भरपाई घ्या असं सांगितलं. जिथे नव्हती त्यांना पैसे परत. त्याच वर्षी नोव्हेंबरात सुप्रीम कोर्टाच्याच न्यूटेक नावाच्या बिल्डरवरच्या निकालात बाहेर पडण्याचा हक्क बिनशर्त आहे असं आलं. त्यामुळे ओसी आल्यावर मागितलं तर काय, यावर आम्ही वकील अजून भांडतो. ओसीच्या आधी पत्र गेलेलं असेल तर मात्र हा वादच येत नाही.

खानापूर वहिनी
आमचं पण असंच झालंय. पिरनवाडीच्या पुढे तीन गुंठे घेतले, पाच वर्षं झाली, नावावर करून देत नाहीत. बाँड पेपरवर सही आहे आणि साडेचार लाख रोख दिलेत. आम्हाला पण व्याज मिळेल ना?

टिळकवाडी कोर्टकचेरी
वहिनी, तुमचा विषय वेगळा. ती शेतजमीन बिनशेती झालीय का, आधी ते बघा. आणि रोख रकमेची पावती?

खानापूर वहिनी
पावती कसली, मावसदिरांनी दिलेत हो पैसे, त्यांच्या ओळखीनेच घेतलं होतं. आता ते पण फोन उचलत नाहीत.

कंग्राळीचा
मुळात ही सगळी ॲग्रीमेंटं इंग्रजीत, पालिकेचे उतारे कानडीत. माझ्या वडिलांनी सही केली तेव्हा "वाचून दाखवलं, समजलं" असं छापलेलं होतं. कुणी वाचलं? कुठल्या भाषेत? सत्तर वर्षं होत आली, अजून आम्हाला आमच्या कागदावर काय लिहिलंय ते शेजाऱ्याला विचारावं लागतं. बिल्डर गेला खड्ड्यात, आधी कागद मराठीत द्या.

शहापूर पेठ
आलं! फ्लॅटच्या धाग्यावर सीमाप्रश्न. आता दोनशे कमेंटी होणार.

कंग्राळीचा
का रे, टोचलं? १५ टक्क्यांच्या वर भाषिक अल्पसंख्याक असतील तिथे त्यांच्या भाषेत सूचना द्यायच्या असं सरकारनेच ठरवलेलं. कुठे दिसतं ते सांग. आणि तू कशाला वकिली करूलाईस त्यांची?

शहापूर पेठ
मी वकिली करूलो नाही. माझा बिल्डर मराठीच होता, गणपतीत वर्गणी देणारा, घरी येऊन चहा पिणारा. मराठीत फसवलं त्याने मला, अगदी शुद्ध मराठीत. भाषेने काय फरक पडला?

कंग्राळीचा
तुला नाही पडला. माझ्या बाबांना पडला. ताब्याच्या तारखेखाली बारीक अक्षरात "अंदाजे, साहित्याच्या उपलब्धतेनुसार" असं होतं, आम्हाला दोन वर्षांनी कळलं.

टिळकवाडी कोर्टकचेरी
असली एकतर्फी कलमं घेणाऱ्यावर बांधून राहत नाहीत असं सुप्रीम कोर्टाने २०१९ मध्ये म्हटलंय, त्यामुळे "अंदाजे"ला घाबरू नका. आणि घटनेच्या ३५० कलमाने गाऱ्हाणं राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत मांडता येतं. फक्त रेराचा ऑनलाइन फॉर्म इंग्रजीतच भरा, उगाच महिने जातील.

कंग्राळीचा
म्हणजे हक्क आहे, पण वापरू नका. छान.

निपाणीकर (निवृत्त बँकवाले)
कोल्हापूरचा बिल्डर असेल तर महारेरात जाता येईल का? तिथे मराठी चालतं.

टिळकवाडी कोर्टकचेरी
नाही काका. इमारत जिथे उभी, तिथलं रेरा. बिल्डरचं ऑफिस कुठेही असो. बेळगावचा फ्लॅट म्हणजे बेंगळुरूचं प्राधिकरण. सुनावणी ऑनलाइन असते, तेवढी रेल्वेची रात्र वाचते.

मच्छेचा कंत्राटदार
बरं, तारीख पाळायला पाहिजे, मान्य. फॉर्मवर आधीच कारण छापणं हा पण हलकटपणा, मान्य. पण अनगोळकर, खरं सांगा, तोच फ्लॅट आज कितीला आहे? बावन्न लाखांच्या खाली मिळेल? २० लाखांवर पावणेसहा घेऊन तुम्ही भाड्याच्या घरात, आणि तो फ्लॅट दुसऱ्याला चौदा लाख जास्तीने विकणार आमचा शेठ. हसतोय तो. तुम्ही थांबला असता तर कलम १८ मध्येच दर महिन्याचं व्याज मिळतं की!

अनगोळकर
हे मात्र खरं आहे, आणि मला झोंबलंय. बाहेर न पडता थांबलो असतो तर २० लाखांवर महिन्याला साधारण १६ हजार ६०० सुटले असते, फ्लॅटही राहिला असता. पण तो कधी पूर्ण होईल यावर माझा विश्वास उरला नव्हता. तिकडे भाडं आणि इकडे बँकेचं व्याज, दोन्ही भरून बायकोचं मंगळसूत्र गहाण ठेवायची वेळ आली होती. ज्याला दम आहे त्याने थांबावं.

शहापूर पेठ
आणि मिळाले का पैसे, ते सांग की. सगळे आदेशापर्यंतच सांगतात.

अनगोळकर
रेराचा आदेश माझ्या बाजूने आला, साठ दिवसांत द्या म्हणून. साठ दिवस गेले, एक रुपया नाही. मग वसुलीचं प्रमाणपत्र काढलं. ते जिल्हाधिकारी कचेरीत गेलं, जमीन महसुलाची थकबाकी वसूल करतात तसं वसूल करायला. तिथून तहसीलदार. तहसीलदार म्हणतात, बिल्डरच्या नावावर काय आहे ते तुम्हीच शोधून द्या. मी उपनिबंधक कचेरीत तीन दुपारी घालवल्या, त्याच इमारतीतले चार न विकलेले फ्लॅट आणि रिंगरोडजवळचा एक प्लॉट सापडला. यादी दिल्यावर आठवड्यात शेठचा फोन, "बसून मिटवूया". आत्तापर्यंत अकरा लाख आलेत. त्यातले आधी बँकेने तिचे घेतले, माझ्या हातात एकच आला. बाकीचे हप्त्याने देतो म्हणतोय. घ्यावं की प्लॉट जप्त करायला लावावा, अजून ठरलेलं नाही.

टिळकवाडी कोर्टकचेरी
हप्ते घेत असाल तर व्याज थांबलं नाही असं लेखी घ्या. आणि मूळ आदेश मागे घेतोय असं कुठल्याही कागदावर लिहून देऊ नका, "समझोता" म्हणून तेच पुढे करतील.

मच्छेचा कंत्राटदार
रिंगरोडजवळचा प्लॉट कुठला हो? मी पण माझ्या बिलाचे सात लाख मागूलोय त्याच्याकडे.

अनगोळकर
आता कसं! इनबॉक्समध्ये या.