आपण गावी गेलो तर बाईंचा पगार कापायचा का? अनुभव लिहा

कांदिवलीकरीण: धुणी-भांडी आणि केर-लादीचे महिना ३,००० ठरलेत. मे महिन्यात आम्ही पंधरा दिवस गावी होतो, म्हणून १,५०० दिले. बाई तेव्हा काही बोलल्या नाहीत. जूनपासून रोज उशीर आणि न सांगता खाडे. आता म्हणतात घर सोडते. मालकिणींनीच नाही, काम करणाऱ्यांच्या घरच्यांनीही लिहा.

सुहास: कायदा आहे की २००८चा! आठवड्याची सुट्टी द्यावीच लागते, किमान पगारही त्यातच ठरलाय.

नालासोपारा लोकल: माझी आई चार घरं करते. मालक गावी गेले तरी ती वेळ त्यांच्याच नावावर. पंधरा दिवसांसाठी मध्येच दुसरं घर कोण देणार? आणि उशिराचं म्हणाल, तर पहिल्या घरी पाहुणे आले की भांडी दुप्पट, पैसे तेवढेच, आणि तो अर्धा तास पुढच्या तीन घरी बोलणी खाऊन फेडायचा. त्यातल्या एका घरी सातवीतला मुलगा तिला "ए, पाणी दे" म्हणतो. पगार बरा असूनही ते घर तिने सोडलं.

माईआजी: आमच्याकडे आजारी यजमानांसाठी चोवीस तासांची मुलगी आहे. सेंटरवाले दर महिन्याला मुलगी बदलतात, काय करावं?

मीनाक्षी (घरकामगारांच्या संघटनेत काम): माईआजी, ते वेगळं प्रकरण, सेंटरशी झालेली लिखापढी आधी बघा. सुहास, २००८च्या कायद्याने कल्याण मंडळ आणि १८ ते ६० वयाच्या कामगारांची नोंदणी आणली. सुट्टी आणि पगार त्यात ठरवलेले नाहीत, म्हणून सगळं तोंडी बोलीवर चालतं. आम्ही सांगतो की बोली कामाला लावतानाच करा. समजा महिन्याला दोन भरपगारी सुट्ट्या ठरल्या आणि बाईंनी चार खाडे केले, तर दोनच कापायचे. ३,००० भागिले ३०, म्हणजे दिवसाचे १००, दोन दिवसांचे २०० रुपये. मालक बाहेरगावी असेल तर काहीच कापायचं नाही, कारण बाई यायला तयार होत्या. खाडे दोघींनी आपापल्या कॅलेंडरवर लिहायचे, पगाराच्या दिवशी ताळा करायचा. पाहुण्यांचे पैसे माणशी आणि दिवसावर आधीच बोलून ठेवा.

परळची सून: हिशेब पटला. पण मला ८.१२ची लोकल धरायची असते. बाई येणार नाहीत हे ८ वाजता कळलं तर त्याचे १०० रुपये कापून माझी भांडी घासली जात नाहीत. आदल्या रात्री एक फोन करायला काय हरकत आहे?

नालासोपारा लोकल: फोन केला की "उद्याच का?" म्हणून उलटतपासणी होते. म्हणून आई करत नाही.

कांदिवलीकरीण: आज बाईंशी बोलले. मेचे राहिलेले १,५०० हवेत आणि वेळ साडेनऊची करून हवी. पैशांना हो म्हटलं. साडेनऊला घरात कुणी नसतं, आणि किल्ली द्यायला सासूबाई तयार नाहीत.