बैठकीत मध्येच बोलणाऱ्या सहकाऱ्याला खासगीत कसे सांगितले? आपले अनुभव लिहा

मितभाषी (धागाकर्ती)

आमच्या साप्ताहिक आढावा बैठकीत कामाची सद्यःस्थिती मी सांगते. माझ्याच हुद्द्यावरचा, एरवी मदतीला तत्पर असणारा एक सहकारी, मी आकडे सांगून कारणांकडे वळले की नेमका तिथेच बोलू लागतो. मागच्या वेळी ‘चाचणी पुढे ढकलावी लागली, कारण…’ एवढे मी म्हणते न म्हणते तोच ‘माणसे कमी पडली’ असे म्हणून त्याने माझे वाक्य पुरे करून टाकले आणि उरलेली चर्चा मनुष्यबळावरच झाली. ग्राहकाकडून नमुना फाइलच आलेली नव्हती, हे खरे कारण इतिवृत्तात आलेच नाही. सर्वांसमोर त्याला अडवणे मला प्रशस्त वाटत नाही आणि वरिष्ठांकडे नेण्याइतकी ही बाब मोठी नाही. म्हणून एखादा हलकाफुलका खासगी मेसेज पाठवावा असा विचार आहे. ज्यांनी असा मेसेज पाठवला असेल, त्यांनी तो कोणत्या शब्दांत लिहिला, केव्हा पाठवला आणि पुढे काय झाले, हे कृपया सांगावे.

चौकट

मी पाठवला होता. ‘तुम्ही मला नेहमी मध्येच तोडता, जरा बोलू देत चला’ असे लिहून पुढे दोन हसरे चेहरे टाकले. त्यांचा फक्त उंचावलेला अंगठा आला. त्यानंतर मी बोलत असताना त्यांनी कधी चकार शब्द काढलेला नाही. इमोजी टाकला की मजकूर कसाही असला तरी तो हलका होतो, असा माझा अनुभव आहे.

तळटीप

बैठकांचे संचालन हा अनेक वर्षे माझ्या कामाचा भाग आहे, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो. चौकट यांच्या मेसेजमधला खासगीपणा आणि नेमकेपणा योग्यच होता, परंतु ‘नेहमी’ हा शब्द आरोपाचा आहे आणि त्याच्यापुढे काढलेला हसरा चेहरा वाचणाऱ्याला टोमण्यासारखा वाटू शकतो. समोरचा माणूस त्यानंतर गप्प झाला, याचा अर्थ त्याला मुद्दा पटला असाच होतो असे नाही. त्याने आपले बोलणेच आवरते घेतले असेल, तर बैठकीचे नुकसान झाले.

धागाकर्तीच्या प्रसंगात महत्त्वाचे आहे ते त्याने कुठे तोडले हे. हार्वी सॅक्स, इमॅन्युएल शेग्लॉफ आणि गेल जेफरसन यांनी 1974 साली संभाषणातील पाळ्यांविषयी जे मांडले, त्याचा सारांश असा की ऐकणारा माणूस वाक्य संपण्याची वाट पाहत थांबत नाही. ते कुठे संपू शकेल याचा अंदाज तो आधीच बांधत असतो आणि त्या जागी शिरतो. पुढे 2009 साली दहा भाषांतील प्रश्नोत्तरांच्या अभ्यासात दोन बोलण्यांमधले अंतर सरासरी सुमारे 200 मिलिसेकंद आढळले. आकडे संपले आणि ‘कारण’ म्हणून आपण श्वास घेतला, की उत्साही माणसाला तेवढी फट पुरते. ऑनलाइन बैठकीत आवाज किंचित उशिरा पोहोचत असल्याने तर आपण पुढे बोलायला लागलो आहोत हे त्याला कळतही नाही. म्हणून मेसेजमध्ये त्याच्या स्वभावाविषयी काही न लिहिता, एकच प्रसंग सांगावा, एकच मागणी करावी आणि शक्य असल्यास त्याला ओळखता येईल अशी एखादी खूणही द्यावी.

माझ्या एका सहकारी बाईंना मी लिहिले होते ते साधारण असे: ‘आज पुरवठ्याचा मुद्दा तुम्ही अगदी बरोबर पकडलात, फक्त माझी गाडी त्याच स्टेशनात शिरत होती! पुढच्या वेळी मला फलाटाला लागू द्या, “झाले माझे” असे मी स्वतःहून म्हणेन, मग मैदान तुमचे.’ मेसेज बैठकीच्याच दिवशी, पण दोन तास जाऊ देऊन पाठवला. बैठक सुटता सुटता लिहिलेल्या ओळीत राग उतरतो आणि आठवडा उलटला की आपण हिशेब ठेवून बसलो होतो असे वाटते. त्यांचे उत्तर आले, ‘अरेच्चा, मला वाटले तुम्ही अडखळलात म्हणून मदत केली.’ पुढच्या बैठकीत त्या दोनदा सुरुवात करून थांबल्या आणि ‘बोला, पुरे करा’ म्हणाल्या. मेसेज लागू पडल्याची खूण मी हीच मानतो. महिन्याभरात जुनी सवय डोके वर काढतेच. त्या वेळी दुसरा मेसेज पाठवू नये, कारण दुसऱ्यांदा तोच विनोद तक्रारीसारखा वाचला जातो. बैठकीतच शांतपणे ‘एकच वाक्य राहिले आहे’ म्हणावे आणि ते वाक्य खरोखरच एकच असावे.

उंबरठा

आमच्याकडे ऑनलाइन बैठकीत हात वर करण्याचे बटण आहे. ते सक्तीचे केल्यापासून हा प्रश्नच उरलेला नाही.

मितभाषी (धागाकर्ती)

@उंबरठा, बैठकीचे नियम ठरवणे माझ्या हातात नाही आणि आमची बैठक समोरासमोर होते. मला एका व्यक्तीला खासगीत काय लिहावे एवढेच विचारायचे होते.

काठावरची

माझ्या बाबतीत मध्ये बोलणारे आमचे विभागप्रमुख होते आणि ते केवळ आम्हा दोन कनिष्ठ मुलींनाच तोडत. ‘सर, उद्या माझी तीन मिनिटे राखून ठेवाल का, शेवटचा मुद्दा रंजक आहे!’ असा मेसेज मी पाठवला. त्यांनी तो आवडल्याचे लिहिले आणि दुसऱ्या दिवशी सर्वांसमोर ‘चला, हिची तीन मिनिटे सुरू झाली’ म्हणून हशा पिकवला. तरीही दुसऱ्याच मिनिटाला ते मध्ये बोललेच. जिथे अधिकाराची उतरंड आहे, किंवा ठरावीक माणसांनाच तोडले जाते, तिथे हलकेपणामुळे आपलीच मागणी थट्टेवारी जाते. शेवटी बैठक चालवणाऱ्या बाईंना मी विषयपत्रिकेत माझे नाव आणि वेळ लिहायला सांगितले, तेव्हा थोडा फरक पडला. पुरता नाही.

@तळटीप, तुमचा उपाय बरोबरीच्या माणसांपुरताच आहे असे मला वाटते.

तळटीप

मान्य आहे. वरिष्ठांना मी असा मेसेज पाठवणार नाही.

दुसरी बाजू

असा मेसेज मला आलेला आहे, म्हणून लिहितो. ‘तुमच्या डोक्याचा वेग माझ्या जिभेला झेपत नाही, दोन वाक्यांची सवलत द्या’ असे त्यात होते. मला हसू आले आणि मी दुसऱ्या दिवसापासून थांबू लागलो. पण लिहिणारे गृहस्थ प्रत्येक मुद्द्याची पार्श्वभूमी सांगतात आणि वीस मिनिटांच्या बैठकीतली आठ मिनिटे खातात, हेही खरे आहे. त्यांना तसा मेसेज मी पाठवलेला नाही. शिवाय, आपलाच विनोद करून घेणारी वाक्ये एकदाच शोभतात. पुन्हा तेच लिहिले तर माणूस खरोखरच संथ आहे असे लोक धरून चालतात. आणि लेखी मजकुराचा स्क्रीनशॉट पुढे जाऊ शकतो, त्यामुळे मी असतो तर चालता चालता तोंडीच सांगितले असते.

मितभाषी (धागाकर्ती)

तोंडी बोलताना मी नको तितकी माफी मागते, म्हणून लेखीच बरे. आम्ही एकमेकांना ‘तू’ म्हणतो, तेव्हा एकदम ‘आपण’ लिहिले तर तो दचकेल. सध्या तयार झालेला मजकूर असा आहे: ‘काल माझे “कारण” तू पळवलेस! खरे कारण नमुना फाइल न येणे हे होते, ते इतिवृत्तात घालून घेते. पुढच्या वेळी मी “एवढेच” म्हणेपर्यंत थांबशील का? नंतरची भर तुझीच हवी आहे.’

तळटीप

‘पळवलेस’ तुमच्या मैत्रीत चालेल का, हे तुम्हीच जाणता. मी तिथे ‘माझे कारण अर्ध्यावरच राहिले’ असे लिहिले असते. इतिवृत्ताची दुरुस्ती मात्र वेगळ्या मेसेजने, इतिवृत्त लिहिणाऱ्याला पाठवा. दोन्ही एकत्र आले की तो दुरुस्तीला उत्तर देईल आणि मागणी बाजूला राहील.

चौकट

मी तरी एक हसरा चेहरा ठेवलाच असता. आणि पाठवण्यापूर्वी वर कोणाचे नाव आहे ते पाहून घ्या. आमच्या बैठकीचा ग्रुप त्याच्याच खाली असतो.