मदत हवी आहे: एआय चॅट टूलला फोटो पाठवण्याच्या कार्यशाळेची नोटीस, काय लिहायचं राहिलंय?

टिळकवाडीकर: आमच्या कमिटीची नोटीस अशी आहे: "रविवारी सकाळी १० वाजता गच्चीवरच्या हॉलमध्ये स्वयंसेवक कानडी बिलं, पत्रं यांचे फोटो चॅट टूलला पाठवून मराठीत अर्थ कसा विचारायचा ते दाखवतील. सोबत मोबाईल आणि एक हेस्कॉमचं वीजबिल आणावं." बरेचसे सभासद ज्येष्ठ आहेत, त्यांना कानडी वाचता येत नाही. नोटिशीत आणखी काय हवं?

शहापूर_पेठ: फोटो तर सगळे रोजच ग्रुपवर पाठवतात, त्याला कार्यशाळा कशाला? आमच्या ग्रुपवर तर फोटो उघडतच नाहीत, त्यावर उपाय सांगा.

मीटर_रीडिंग: तो प्रश्न वेगळा, मेमरी भरली असेल. इथली खरी अडचण आकड्यांची आहे. बिल लांब आणि अक्षर बारीक असतं. पूर्ण बिलाचा एकच फोटो पाठवला की बरीच टूल्स तो लहान करूनच वाचतात आणि पुसट आकडा अंदाजाने भरतात, तोही अगदी खात्रीच्या सुरात. म्हणून बिल सपाट ठेवून खिडकीच्या उजेडात, फ्लॅश बंद करून, दोन-तीन भागांत फोटो काढा. आधी "कानडी मजकूर ओळीने जसाच्या तसा उतरव, न दिसलेलं 'वाचता येत नाही' असं लिही" असं सांगा, अर्थ त्यानंतर विचारा. मग ताळा करा. समजा मागील रीडिंग ४३१२, चालू ४४६८, तर युनिट १५६. टूलने ४४८८ वाचलं तर फरक १७६ येईल आणि बिलावर छापलेल्या १५६ शी जुळणार नाही. चूक तिथेच पकडली जाते.

खानापूर_रोड: नाव, वीजजोडणीचा आरआर नंबर आणि आधार फोटोतल्या पेनने काळे केले की काम झालं.

मीटर_रीडिंग: नंबर झाकायलाच हवेत, हे खरं. पण फोनमधलं हायलायटर अर्धपारदर्शक असतं, ब्राइटनेस वाढवला की खालचा नंबर दिसू शकतो. फोटो काढण्याआधीच कागदाची पट्टी ठेवा. आधारवरचा क्यूआर कोडही झाका, त्यातही माहिती असते. खरं तर आधार आणूच नका, असं नोटिशीत ठळक लिहा. आणि सभासदाचा फोटो स्वयंसेवकाच्या फोनवरून पाठवू नये, ज्याचा कागद त्याचाच फोन.

टिळकवाडीकर: दोन्ही ओळी घालतो. एक राहिलंच: काहीजण जमिनीचे जुने हस्तलिखित कानडी उतारे आणणार म्हणतात. ते चालतील का?

खानापूर_रोड: छापील चालतं तर हेही चालेल की.

मीटर_रीडिंग: हाताचं अक्षर, त्यात पुसट शाई, म्हणजे सर्व्हे नंबर आणि गुंठे हमखास चुकणार, आणि तिथे बिलासारखा ताळाही नाही. कानडी वाचणारं कोणी शेजारी बसणार असेल तरच ठेवा. तुमच्या सोसायटीत आहे का कोणी?

टिळकवाडीकर: विचारून सांगतो. तोवर नोटिशीत "फक्त छापील कागद" असं लिहितो.